बिल एक, नंबर तीन

कारखान्यातून निघालेलं एखादं बिल समोर धरलं, की वरच्या अर्ध्या भागात नंबरांची दाटी दिसते. अक्षरं, आकडे, मध्येच तिरकी रेघ, सगळं एकाच ठशात छापलेलं. त्यातला जीएसटी नंबर कोणता, बिल नंबर कोणता आणि पीओ नंबर कोणता, हे बिल बनवणाऱ्याला पाठ असतं. पण ते बिल ज्याच्या टेबलावर जातं, तो दिवसाला अशी चाळीस बिलं हाताळतो. गृहनिर्माण सोसायटीचा खजिनदार, शाळेचा लिपिक, दुकानात नुकतीच लागलेली मुलगी, यांना तर कोणी हे कधी सांगितलेलंच नसतं. लहान उद्योजकांची हिशेबाची कामं करताना मी पाहत आलो आहे, की या तीन नंबरांपैकी एक दुसऱ्याच्या जागी गेला तर रकमेत एका पैशाचीही चूक नसताना पैसे अडकतात.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक नमुना घेऊ. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपनं पुण्याच्या एका कंपनीला यंत्राचे सुटे भाग पुरवले. त्या बिलाचा वरचा भाग असा आहे:

```
GSTIN/UIN         : 27ABCDE1234F1Z0
Invoice No.       : SE/25-26/0114
Dated             : 18-Nov-25
Buyer's Order No. : 4500027118
Dated             : 3-Nov-25
Buyer GSTIN/UIN   : 27PQRDX5678K1ZT
```

वर्कशॉप, कंपनी आणि नंबर सगळे मी रचलेले आहेत. दोन्ही जीएसटी नंबरांत सहाव्या जागी मुद्दाम D ठेवला आहे. तिथे D असलेला खरा नंबर मिळत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

हे नंबर दिसायला सारखे असले तरी प्रत्येक जण वेगळ्या घरून आलेला आहे. जीएसटी नंबर सरकारनं दिलेला असतो आणि तो माणसाचा किंवा संस्थेचा असतो, बिलाचा नव्हे. बिल नंबर विकणाऱ्यानं आपल्या बिलबुकातून दिलेला असतो आणि तो त्या एका कागदाचा असतो. पीओ नंबर, म्हणजे पर्चेस ऑर्डरचा नंबर, विकत घेणाऱ्यानं दिलेला असतो. ‘अमुक माल, अमुक दरानं, अमुक तारखेपर्यंत पाठवा’ असं जे पत्र त्यानं काढलं, त्याचा तो नंबर. विकणारा तो आपल्या बिलावर फक्त उतरवून घेतो, समोरच्याला आपली ऑर्डर शोधणं सोपं जावं म्हणून. नंबर कोणाच्या घरचा आहे हे एकदा कळलं, की तो कुठे भरायचा आणि चुकला तर कोणाचं काम अडेल, हेही आपोआप कळतं.

नंबर नुसता पाहून घर ओळखता येतंच असं नाही. बिल नंबर कसा असावा याचा नियम बराच सैल आहे. केंद्रीय जीएसटी नियमावलीतल्या ४६ व्या नियमानुसार तो सोळा अक्षर-आकड्यांहून लांब नसावा, त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच असावं, ओळीनं चढत जावा आणि एका आर्थिक वर्षात दोनदा येऊ नये. एवढं पाळलं की कोणी नुसतं 114 लिहितो, कोणी SE/25-26/0114 लिहितो, कोणी KOP2526000114. पीओ नंबराला तर कायद्याचा कसलाच साचा नाही, कारण त्याच नियमात बिलावर काय काय हवं याची जी यादी आहे, तिच्यात पीओ नंबर नाहीच. मोठ्या कंपन्यांत सॅप नावाची संगणकप्रणाली असते आणि तिच्यातून निघणारे पीओ नंबर बहुधा दहा आकडी, ४५ नं सुरू होणारे असतात. नमुन्यातला 4500027118 तसाच आहे. पण लहान कंपनी PO/112/25-26 असंही लिहील. मग तो आणि बिल नंबर शेजारी ठेवले तर भाऊभाऊच वाटतील.

अशा वेळी मी शिकाऊ पोरांना एक काम सांगतो. त्याच पुरवठादाराची आधीची दोन बिलं फाइलमधून काढ आणि तिन्ही एकाखाली एक मांड. जो नंबर तिन्ही बिलांवर जसाच्या तसा आहे आणि पुरवठादाराच्या नावाला चिकटून आहे, तो त्याचा जीएसटी नंबर. जो प्रत्येक बिलावर वेगळा आहे आणि तारखेबरोबर चढत जातो, 0098, 0107, 0114, तो बिल नंबर. आणि जो दोन-तीन बिलांवर तोच राहतो आणि मग एकदम बदलतो, तो पीओ नंबर. दोनशे नगांची एक ऑर्डर तीन खेपांत गेली तर बिलं तीन होतात, पीओ मात्र एकच राहतो. पाच मिनिटांचं हे काम आहे आणि बिलावर छापलेली नावं अस्पष्ट असली, झेरॉक्समध्ये पुसली गेली असली, तरी चालतं.

जुनी बिलं हाताशी नसतील तर तारखा पाहाव्यात. बिल नंबराशेजारी तारीख असते, पीओ नंबराशेजारीही बहुधा असते, जीएसटी नंबराला तारीख नसते. दोन तारखांपैकी आधीची ती पीओची, कारण ऑर्डर आधी निघते आणि माल नंतर जातो. वरच्या नमुन्यात ३ नोव्हेंबर आणि १८ नोव्हेंबर आहेत. उलटं दिसलं, म्हणजे बिल आधीचं आणि पीओ नंतरचा, तर एकतर नंबरांची अदलाबदल झाली आहे किंवा माल तोंडी सांगून मागवला आणि ऑर्डर मागाहून कागदावर आणली आहे. दुसरा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तो आपण ओळखण्याआधी ऑडिटरनं ओळखला तर उत्तर देणं अवघड जातं.

टॅलीतून छापलेल्या बिलावर पीओ नंबराच्या खणाला Buyer's Order No. असं नाव असतं, म्हणजे खरेदीदाराच्या ऑर्डरचा क्रमांक. ‘पीओ’ हा शब्द तिथे नसल्यामुळे नवखा माणूस तो खण ओलांडून पुढे जातो. जुन्या बिलांवर शेजारीच Supplier's Ref. असा आणखी एक खण दिसतो. त्यात पुरवठादार स्वतःच्या सोयीचं काहीही लिहितो, आणि नेमकं तेच कोणीतरी बिल नंबर समजून उतरवतं. बिल नंबर फक्त Invoice No. समोरचा.

आता जीएसटी नंबर. तिघांत पक्का साचा असलेला हा एकटाच आहे, त्यामुळे वाचायला शिकण्यासारखाही हाच. तो नेहमी पंधरा जागांचा असतो, आणि त्यात रेघ किंवा मोकळी जागा नसते. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९, गुजरातचे २४. पुढच्या दहा जागांत त्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा पॅन नंबर जसाच्या तसा बसवलेला असतो: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. पॅनमधलं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं. व्यक्ती असेल तर P, कंपनी असेल तर C, भागीदारी फर्म असेल तर F, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर H. D असा प्रकारच नाही, म्हणून नमुन्यात ते अक्षर घेतलं. पॅन संपला की तेरावी जागा सांगते, की या पॅनवर त्या राज्यातली ही कितवी नोंदणी आहे. बहुतेकांचा तिथे 1 असतो. चौदाव्या जागी Z असतो, आणि पंधरावी जागा तपासणीची.

जागा ठरलेल्या असण्याचा फायदा रोजच्या कामात होतो. शून्य आणि O, एक आणि I, पाच आणि S, आठ आणि B यांत छपाई फिकट असली की डोळा फसतो. पण तिसऱ्या ते सातव्या जागेवर अक्षरच असणार आणि आठव्या ते अकराव्या जागेवर आकडाच असणार हे माहीत असलं, की तिथे शंका उरत नाही. चौदाव्या जागी 2 दिसला तर तो Z आहे. खरी पंचाईत शेवटच्या जागेवर होते, कारण तिथे अक्षरही येऊ शकतं आणि आकडाही. आपल्या नमुन्याच्या शेवटी आहे ते शून्य की O?

याचं उत्तर त्या नंबरातच दडलेलं आहे. पंधरावी जागा आधीच्या चौदा जागांवरून हिशेब करून काढलेली असते. आकड्यांची किंमत जशी आहे तशी धरायची, A ला १०, B ला ११, असं करत Z ला ३५. डावीकडून पहिल्याला एकानं गुणायचं, दुसऱ्याला दोननं, तिसऱ्याला पुन्हा एकानं. गुणाकार ३६ किंवा त्याहून मोठा झाला तर त्याला ३६ नं भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. Z चा गुणाकार ७०, त्याला ३६ नं भागलं की भागाकार १ आणि बाकी ३४, म्हणून ३५ धरायचे. नमुन्यातल्या चौदा जागांचे असे येतात: २, १४, १०, २२, १२, २६, १४, २, २, ६, ४, ३०, १, ३५. बेरीज १८०. १८० ला ३६ नं पूर्ण भाग जातो, बाकी शून्य. बाकी उरली असती तर ती ३६ मधून वजा करून आलेल्या संख्येचं अक्षर लिहिलं असतं. इथे काही उरलंच नाही, म्हणून शेवटी शून्य. O असता तर हिशेबाचं उत्तर २४ यायला हवं होतं.

हाताने हा हिशेब कोणी रोज करत नाही, करण्याची गरजही नाही. पण त्यामागची सोय समजून घ्यावी अशी आहे. समजा कोणी 1234 ऐवजी 1243 टाइप केलं. बेरीज १८० ची १८१ होते, शेवटी शून्याऐवजी Z यायला हवा असं निघतं, आणि पोर्टल तो नंबर नाकारतं. टायपिंगची चूक अशी तिथल्या तिथे सापडते.

या तपासणीची मर्यादाही तितकीच लक्षात ठेवायला हवी. नंबर नीट रचलेला आहे एवढंच ती सांगते, तो योग्य माणसाचा आहे का हे सांगत नाही. एकाच बिलावर विकणाऱ्याचा जीएसटी नंबर असतो आणि घेणाऱ्याचाही, कधी माल नेणाऱ्या ट्रान्सपोर्टचाही. तिन्ही नियमानं बरोबर. घेणाऱ्याच्या जागी चुकून दुसऱ्याचा भरला तर संगणक ब्रही काढणार नाही. कंपनीच्या पुण्याच्या आणि वापीच्या शाखांचे नंबर तर मधल्या दहा जागांत तंतोतंत सारखे असतात, कारण पॅन एकच. फरक सुरुवातीच्या 27 आणि 24 मध्ये, आणि बहुधा शेवटच्या एका जागेत. माल पुण्याला उतरला आणि बिल 24 च्या नंबरावर गेलं, तर कराची वजावट गुजरातच्या खात्यात जाऊन बसते.

यासाठी दोन गोष्टी पाहाव्यात. विकणारा आणि माल पोहोचण्याची जागा एकाच राज्यात असेल तर कर साधारणपणे सीजीएसटी आणि एसजीएसटी असा दोन भागांत लागतो, राज्यं वेगळी असतील तर एकच आयजीएसटी. दोन्ही नंबर 27 नं सुरू आणि खाली आयजीएसटी लागलेला, असं दिसलं तर थांबून विचारावं. दुसरं म्हणजे gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये नंबर टाकावा. लॉगिन लागत नाही. नोंदणीतलं नाव, व्यवसायाचं नाव, नोंदणीची तारीख आणि ती नोंदणी Active आहे की Cancelled, हे समोर येतं. बिलावरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव जुळतं का ते पाहायचं. सोसायटीच्या रंगकामाचं लाखाच्या वरचं बिल चुकवण्याआधी खजिनदारानं एवढं जरूर करावं.

आता नमुन्यातल्या वर्कशॉपकडे परत येऊ. ऑर्डर होती दोनशे नगांची, दर ६४० रुपये. पहिल्या खेपेला ८० नग गेले. त्याची किंमत ५१,२०० रुपये, त्यावर १८ टक्के म्हणजे ९,२१६ रुपये कर, एकूण ६०,४१६ रुपयांचं बिल. वर्कशॉप दर महिन्याला विवरणपत्र भरतं. नोव्हेंबरचं GSTR-1 भरताना तिथल्या मुलानं बिल नंबराच्या खणात 4500027118 टाकला. त्याची चूक समजण्यासारखी आहे: कंपनीचे लोक फोनवर नेहमी तोच नंबर विचारायचे, ‘पीओ कितीचा?’ त्यामुळे त्याच्या मनात तो त्या व्यवहाराचा नंबर होऊन बसला होता. दहा आकड्यांचा नंबर सोळाच्या मर्यादेत बसतो, नुसते आकडे चालतात, आणि बिल नंबराला जीएसटी नंबरासारखी तपासणीची जागा नसते. पोर्टलनं तो निमूटपणे घेतला.

१४ डिसेंबरला कंपनीच्या नावे GSTR-2B तयार झालं. पुरवठादारांनी काय काय भरलं याचा तो उतारा, आणि १ जानेवारी २०२२ पासून त्यात दिसणाऱ्या कराचीच वजावट घेता येते. कंपनीच्या खरेदी नोंदवहीत SE/25-26/0114 होतं, उताऱ्यात 4500027118. जुळवणी करणाऱ्या संगणकाला दोन ओळी दिसल्या: एक बिल नोंदवहीत आहे पण उताऱ्यात नाही, दुसरं उताऱ्यात आहे पण नोंदवहीत नाही. रक्कम सारखी, तारीख सारखी, हे माणसानं पाहिलं असतं तर कळलं असतं. संगणकानं नंबर पाहिला. कंपनीनं ९,२१६ रुपये रोखून धरले आणि वर्कशॉपला कळवलं, की तुमचं बिल आमच्या 2B मध्ये दिसत नाही. वर्कशॉपचं उत्तर आलं, आम्ही कर भरला आहे. दोघंही खरं बोलत होते, आणि तीन आठवडे तसंच बोलत राहिले.

चूक उघडी पडली ती जानेवारीत. डिसेंबरमध्ये त्याच ऑर्डरचे ७० नग SE/25-26/0126 या बिलानं गेले होते. मुलानं पुन्हा बिल नंबराच्या जागी 4500027118 टाकला, आणि या वेळी पोर्टलनं नकार दिला: त्याच आर्थिक वर्षात हा नंबर आधीच वापरला आहे. पीओ नंबर परत येतो आणि बिल नंबर येत नाही, हा जो फरक आपण तीन बिलं मांडून पाहिला, तोच इथे आडवा आला. दुसरी खेप नसती तर चूक किती दिवस दबून राहिली असती कोण जाणे.

दुरुस्ती अवघड नव्हती. डिसेंबरच्या GSTR-1 मध्ये तक्ता 9A उघडायचा, मूळ नंबर म्हणून 4500027118 टाकायचा, सुधारित नंबर म्हणून SE/25-26/0114, तारीख आणि रकमा तशाच ठेवायच्या. बिल नव्यानं करायचं नाही, क्रेडिट नोटही काढायची नाही, कारण कागद पहिल्यापासून बरोबरच होता. अशा दुरुस्तीला मुदत आहे: आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. त्यानंतर चूक सापडली तर बिल नंबर बदलायचा मार्गच बंद झालेला असतो.

अशा चुकांना एक्सेलही हातभार लावतं. बिल नंबर 4/25 टाइप केला की ते त्याची तारीख करून टाकतं, आणि 0114 चं शून्य गिळून 114 ठेवतं. यादी बनवण्याआधी तो स्तंभ Text करून घेतला की हा त्रास संपतो. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर गेली आहे, त्यांच्या व्यापारी ग्राहकांना दिलेल्या बिलांवर ई-इन्व्हॉइसचा क्यूआर असतो. सरकारी अ‍ॅपनं तो स्कॅन केला तर दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख आणि रक्कम वाचता येते. पीओ नंबर त्यात नसतो. गोंधळ सोडवायला याहून सोपं काही नाही. फक्त तो क्यूआर पैसे भरण्याचा नाही ना, एवढं पाहावं. त्याच बिलावर चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ दिसते, ती सरकारी नोंदीची खूण आहे आणि तिला बिल नंबर म्हणून कुठेही उतरवायचं नसतं.

घरच्या खरेदीतही हाच प्रश्न वेगळ्या वेशात येतो. ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरच्या बिलावर ऑर्डर नंबर असतो आणि इन्व्हॉइस नंबर असतो. मोबाइलवर संदेश येतात ते ऑर्डर नंबराचे, म्हणून तोच लक्षात राहतो. मिक्सर बिघडला की कंपनीचं सेवा केंद्र बिल नंबर मागतं, आपण ऑर्डर नंबर सांगतो, आणि त्यांना तो सापडत नाही. एकाच ऑर्डरमध्ये मिक्सर आणि इस्त्री दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून आली असेल तर बिलं दोन असतात, दोन्हींवर जीएसटी नंबरही वेगळे.

वर्कशॉपची दुरुस्ती १४ जानेवारीच्या 2B मध्ये उतरली आणि त्याच आठवड्यात ९,२१६ रुपये खात्यावर आले. जानेवारीच्या शेवटी उरलेले ५० नग गेले, बिल नंबर SE/25-26/0139. त्या मुलानं बिल छापल्यावर Invoice No. भोवती लाल पेननं गोल केला आणि मगच कागद फाइलला लावला. त्या खेपेबरोबर 4500027118 ची ऑर्डर पूर्ण झाली. फेब्रुवारीतल्या पहिल्या बिलावर नवा पीओ नंबर होता.